ठराव बहुमताने, सह्या मात्र एकेचाळीस : गोव्यातल्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास

आमच्या सोसायटीच्या पहिल्या सभेत दुसऱ्या मजल्यावरचे एक काका पुण्याहून आलेला व्हॉट्सॲप फॉरवर्ड छापून घेऊन आले होते. मथळा होता, ‘आता फक्त ५१ टक्के संमती पुरेशी’. वीस गाळ्यांपैकी चौदा जण तयार होते, म्हणजे सत्तर टक्के. काकांनी हात झटकले आणि म्हणाले, "झालं की! आता बिल्डर बोलवा."

त्या दिवसापासून पहिल्या खऱ्या सहीपर्यंत आम्हाला पावणेदोन वर्षं लागली. सेक्रेटरी म्हणून कागद माझ्याकडे होते, त्यामुळे ही वर्षं कुठे गेली ते मला नीट माहीत आहे. त्यातला मोठा भाग गेला तो काकांच्या कागदावरचा आकडा गोव्यात का चालत नाही हे समजून घेण्यात.

तो ५१ टक्क्यांचा आकडा कुठला?

आकडा खोटा नाही, पण तो महाराष्ट्राचा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७९अ खाली तिथल्या सरकारने ३ जानेवारी २००९ ला पुनर्विकासाचे निर्देश काढले आणि ४ जुलै २०१९ ला ते सुधारले. सुधारित निर्देशांप्रमाणे सभेला एकूण सभासदांपैकी दोन-तृतीयांश हजर हवेत आणि निर्णय एकूण सभासदांच्या ५१ टक्के बहुमताने व्हायला हवा. गोव्यातल्या सोसायट्या मात्र गोवा सहकारी संस्था अधिनियम २००१ खाली नोंदलेल्या आहेत. महाराष्ट्राचे निर्देश सीमेच्या अलीकडे लागू होत नाहीत, पत्रादेवीला संपतात.

पण खरी गोम कायद्याच्या नावात नसून जमीन कोणाची यात आहे. मुंबई-पुण्याच्या नेहमीच्या पद्धतीत बिल्डर जमिनीचं कन्व्हेयन्स सोसायटीला करून देतो. सभासदाकडे फ्लॅट आणि शेअर सर्टिफिकेट असतं, जमीन संस्थेची असते. म्हणून सर्वसाधारण सभेने घेतलेला निर्णय अल्पमतातल्या सभासदालाही बांधतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाने अशा सोसायट्यांच्या बाबतीत हे वारंवार सांगितलं आहे. गोव्यात बहुतेक इमारतींत बिल्डरने प्रत्येकाला स्वतंत्र सेल डीड करून दिलेलं असतं, आणि त्यात फ्लॅटबरोबर जमिनीतला अविभाजित हिस्साही विकलेला असतो. मग सोसायटी कशासाठी असते? जिना झाडायला, पंप चालवायला, लिफ्टचं बिल भरायला. म्हणूनच तिच्या नावात बहुधा ‘हाउसिंग मेंटेनन्स सोसायटी’ असे शब्द असतात. अशा सोसायटीच्या नावावर जमिनीचा एक चौरस मीटरही नसतो. जे संस्थेचं नाही ते संस्था बहुमताने कोणाला देऊ शकत नाही. सहमालक फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतो, शेजाऱ्याचा नाही.

त्यामुळे गोव्यात दोन वेगळे आकडे डोक्यात ठेवावे लागतात. सोसायटीच्या ठरावाला किती मतं हवीत ते तुमच्या उपविधींत पाहा. इमारत पाडून जमीन डेव्हलपरच्या हाती द्यायची असेल, तर मात्र जमिनीत हिस्सा असलेल्या प्रत्येकाची सही लागते. पहिली मोजणी सभेत होते, दुसरी सब-रजिस्ट्रारच्या टेबलावर.

आपली इमारत कोणत्या प्रकारची आहे हे एका संध्याकाळी कळू शकतं. तीन कागद समोर ठेवा. पहिला तुमचं सेल डीड. त्यात शेवटच्या परिशिष्टात जमिनीतला हिस्सा लिहिला आहे का ते बघा. दुसरा सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि उपविधी. तिसरा जमिनीचा उतारा, म्हणजे शहरात सिटी सर्व्हेचा फॉर्म डी आणि बाहेर फॉर्म एक व चौदा. जमीन सोसायटीच्या नावावर निघाली, जशी सभासदांनी एकत्र येऊन प्लॉट घेऊन बांधलेल्या जुन्या सोसायट्यांत असते, तर बहुमताचा रस्ता तुम्हाला खुला आहे. सेल डीडमध्ये हिस्सा निघाला तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. आणि उताऱ्यावर अजून मूळ भाटकाराचंच नाव असेल, तुमच्याकडे नुसता ‘ॲग्रिमेंट फॉर सेल’ असेल, तर आधी ते सेल डीड पूर्ण करून घ्या. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकातल्या इमारतींत हे वाटतं त्याहून जास्त सापडतं. त्या भाटकाराचे वारस तेव्हा दोन असतील तर आज नऊ झालेले असतात.

सह्यांची वही

आम्ही एक साधी वही केली. डावीकडे गाळा क्रमांक, मधे सेल डीडवरचं नाव, उजवीकडे ‘आज सही कोणाकोणाची लागेल’. उजवा रकाना भरायला वकील बसवला आणि तिथे डोळे उघडले.

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा विवाहालाही लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, वारशाने आलेलीसुद्धा, आणि स्थावर मालमत्ता एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय देता येत नाही. सेल डीड एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं तरी बायकोची सही लागते. मालक वारला असेल तर वारस आणि त्या वारसांचे जोडीदारही आले. बाहेरच्या राज्यातून येऊन फ्लॅट घेतलेल्या कुटुंबाला हा नियम लागू होतो की नाही हे त्यांच्या लग्नाच्या नोंदीवरून आणि मूळ वास्तव्यावरून ठरतं. ते वकिलाने एकेकाचं बघून लिहून द्यायचं, आपण अंदाज करायचा नाही.

आमच्या वीस गाळ्यांचा हिशेब असा निघाला. तेरा गाळे नवरा-बायको दोघे हयात असलेल्यांचे, म्हणजे २६ सह्या. तीन गाळे एकट्या मालकांचे, ३ सह्या. खालची दोन दुकानं एकाच जोडप्याची, २ सह्या. उरले दोन फ्लॅट, ज्यांचे मालक वारले होते आणि वारसाचा एकही कागद झाला नव्हता. त्यातल्या एकात विधवा पत्नी आणि तीन मुलं, त्यातली दोघं लग्न झालेली, म्हणजे ६ सह्या. दुसऱ्यात आई-वडील दोघेही गेलेले, मुलगा आणि मुलगी दोघांची लग्नं झालेली, ४ सह्या. एकूण ४१. वीस घरांच्या इमारतीत एकेचाळीस माणसं मालक! सभेत ‘हो’ म्हणणारे चौदा हात या वहीसमोर फारच थोडे वाटायला लागले.

वारसाच्या फ्लॅटसाठी दोन रस्ते आहेत. वारस कोण यावर वाद नसेल तर विशेष नोटरीसमोर वारसांचा दस्त, ज्याला आपल्याकडे ‘डीड ऑफ सक्सेशन’ म्हणतात, तो होतो. वाटणीच करायची असेल किंवा भांडण असेल तर कोर्टात इन्व्हेंटरी. दोन्हींचा कायदा आता एकच आहे : गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम २०१२. वारसांचा दस्त फक्त वारस कोण ते ठरवतो, कोणाला काय मिळेल ते नाही. पुनर्विकासाला तेवढं पुरतं, कारण सगळे वारस मिळून सही करतात. नव्या इमारतीतला फ्लॅट कोणाला, हे त्यांनी नंतर आपसांत ठरवावं.

परदेशातल्यांच्या सह्या हा वेगळाच व्याप आहे. लिस्बनमधल्या मुलीने मुखत्यारपत्र करायचं तर ते तिथल्या नोटरीसमोर करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे दस्त खरा असल्याचा तिथल्या सरकारी कचेरीचा शिक्का, घ्यावा लागतो. दस्त भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. आमच्या एका शेजाऱ्यांचं पत्र कपाटातल्या फाइलमध्ये पाच महिने पडून राहिलं आणि ते पुन्हा मागवावं लागलं. माणूस चतुर्थीला येणार असेल तर चांगलंच, सगळे दस्त त्या आठवड्यासाठी तयार ठेवा आणि सब-रजिस्ट्रारकडची वेळ आधी घ्या. चतुर्थीच्या सुट्ट्यांत कचेरी बंद असते हे लक्षात ठेवून!

एक जण ‘नाही’ म्हणाला तर? अविभाजित हिश्श्याच्या इमारतीत त्याला बाजूला सारायचा सोपा मार्ग नाही. नगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली तरी तिने इमारत रिकामी होते, हिस्सा संपत नाही. आमच्याकडे पहिल्या मजल्यावरच्या काकी दीड वर्ष ‘नाही’ म्हणत होत्या. सगळ्यांनी त्यांना हट्टी ठरवून टाकलं होतं. मी आणि माझी बायको एका संध्याकाळी त्यांच्याकडे बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, मी त्र्याहत्तर वर्षांची. भाड्याच्या घरात मेले तर माझ्या पोरीला फ्लॅट मिळणार का, एवढंच कोणी सांगत नाही मला." त्यांना उत्तर हवं होतं, ते करारात एका कलमाने दिलं : मधल्या काळात मालक वारल्यास त्याचे सर्व हक्क, भाड्यासकट, वारसांना जातील आणि त्यासाठी डेव्हलपर नवी अट घालणार नाही. त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी सही केली. सगळे नकार असे सुटत नाहीत. नकार पक्का असेल तर त्यांचा गाळा बाजारभावाने विकत घेण्याची तयारी डेव्हलपरने किंवा इतर मालकांनी ठेवावी. तेही जमत नसेल तर स्ट्रक्चरल ऑडिटरकडून दुरुस्तीचा खर्च काढा आणि दुरुस्तीच करा. अर्ध्या सह्यांवर इमारत रिकामी करणं हा सगळ्यांत वाईट पर्याय.

आणि हो, सगळ्यांच्या सह्या लागतात म्हणून सोसायटीचा ठराव नको असं नाही. ठराव हवाच. ठरावाने कमिटीला बोलणी करायचा, वकील आणि आर्किटेक्ट नेमायचा, खर्च करायचा अधिकार मिळतो. नोटीस उपविधींतल्या मुदतीने द्या, सभेचं चित्रीकरण करा, आणि इतिवृत्त आठ दिवसांत सगळ्यांना पोचवा.

तळमजल्याची दुकानं आणि भाडेकरू

सह्यांच्या वहीत भाडेकरूचं नाव येत नाही, तरी तो इमारत अडवू शकतो. जुन्या दुकानांत तीस-चाळीस वर्षांचे भाडेकरू असतील तर त्यांना गोवा, दमण व दीव इमारती (भाडेपट्टी, भाडे व निष्कासन) नियंत्रण अधिनियम १९६८ चं संरक्षण असू शकतं. दुकानाच्या मालकाने सही केली, पण भाडेकरू हलला नाही, तर पाडकाम थांबतं. त्याच्याशी त्रिपक्षीय करार करा : मालक, भाडेकरू, डेव्हलपर. नव्या इमारतीत किती चौरस मीटर, कोणत्या बाजूला, किती भाड्याने, हे त्यातच लिहा.

डेव्हलपर निवडण्याआधी आकडेमोड स्वतः करा

बहुतेक सोसायट्या उलटं करतात. आधी तीन बिल्डर बोलावतात, कोण जास्त जागा देतो ते विचारतात आणि मोठा आकडा म्हणणाऱ्याला निवडतात. पण जास्त जागा कुठून येणार, हा प्रश्न त्या बिल्डरला विचारायच्या आधी आपण सोडवायला हवा.

टाऊन प्लॅनिंग किंवा नियोजन व विकास प्राधिकरण, म्हणजे पीडीए, यांच्याकडून झोनिंग सर्टिफिकेट काढा. प्लॉटच्या किती पट बांधता येईल त्या प्रमाणाला आपल्याकडे एफएआर म्हणतात (मुंबईवाले एफएसआय म्हणतात), आणि गोवा जमीन विकास व इमारत बांधकाम विनियम २०१० प्रमाणे तो झोननुसार ठरतो. ‘एफएआर २००’ म्हणजे प्लॉटच्या दुप्पट. आता एक उदाहरण घेऊ. आकडे गोल केलेले आहेत, बाजारभाव तुमच्या भागाचे घाला.

प्लॉट १,२०० चौरस मीटर, बाजारपेठेतला, एफएआर २००. म्हणजे २,४०० चौरस मीटर बांधता येईल. आज सोळा फ्लॅट ७० मीटरचे आणि चार दुकानं २० मीटरची मिळून १,२०० मीटर बांधलेलं आहे. बांधकामाचा खर्च मीटरला ४०,००० धरला तर २,४०० मीटरचे ९ कोटी ६० लाख. वीस कुटुंबांचं अडीच वर्षांचं भाडं, महिन्याला २०,००० धरून, १ कोटी २० लाख. एकूण १० कोटी ८० लाख. फी, व्याज आणि कर अजून यात नाहीत. नवे फ्लॅट मीटरला १ लाख १० हजारांनी विकले जातील असं धरू.

एका डेव्हलपरने आम्हाला सध्याच्या क्षेत्रावर ३५ टक्के जास्त जागा द्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे जुन्या मालकांना १,६२० मीटर. विकायला उरले ७८०. त्याचे पैसे ८ कोटी ५८ लाख. खर्चापेक्षा सव्वादोन कोटींनी कमी, तेही व्याज धरायच्या आधी. दुसरा डेव्हलपर १० टक्क्यांच्या पुढे जात नव्हता. त्याच्याकडे विकायला १,०८० मीटर उरतात, ११ कोटी ८८ लाख येतात आणि १ कोटी ८ लाख हाताशी राहतात. फी-व्याज भागवून त्याला फारसं काही सुटणार नाही, पण गणित निदान उभं राहतं. सभेत बहुतेकांना पहिला हवा होता, मलाही.

३५ टक्केवाला वेडा नव्हता. असा माणूस तीनपैकी एक करतो. पुढे एफएआर वाढेल या आशेवर बसतो आणि तोवर इमारत पाडून ठेवतो. किंवा पाडकाम झाल्यावर ‘खर्च वाढला’ म्हणून जागा कमी करायला बोलावतो, तेव्हा आपण भाड्याच्या घरात असतो. किंवा मंजूर नकाशापेक्षा जास्त बांधतो, आणि ऑक्युपन्सी अडकते. एफएआर १५० च्या झोनमध्ये हेच गणित करून बघा. विकायला ४८० मीटरच उरतात आणि दहा टक्केही परवडत नाहीत. तिथे जास्त जागेची अपेक्षा सोडून ‘तेवढीच जागा, पण नवी’ यावर बोलणी करावी लागते. कधीकधी मालकांनाच थोडे पैसे घालावे लागतात. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही.

हे गणित आर्किटेक्टकडून करून घ्या आणि त्याला तीन गोष्टी स्वतंत्रपणे विचारा : उंची, सेटबॅक आणि पार्किंग सोडल्यावर पूर्ण एफएआर खरंच वापरता येतो का, नदी-खाडी जवळ असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामावरची, बंधनं लागतात का, आणि जमिनीची सनद, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी, आहे का. त्याची फी सोसायटीने द्यायची. डेव्हलपरच्या आर्किटेक्टने ‘फुकट’ करून दिलेला फीजिबिलिटी रिपोर्ट आमच्याकडेही आला होता. त्यात पार्किंगचा उल्लेखच नव्हता.

आता माणूस निवडताना. त्याची ब्रोशर बाजूला ठेवा आणि त्याने पूर्ण केलेल्या दोन इमारतींत जा. शक्यतो पुनर्विकासाच्याच. तिथल्या जुन्या मालकांना दोन तारखा विचारा : चावी कधी मिळाली आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट कधी मिळालं. चावी आधी आणि ओसी दोन वर्षांनी असेल तर तुमच्या बाबतीतही तसंच होईल. मधल्या काळात भाडं वेळेवर आलं का, हेही विचारा. हा प्रश्न बायकांना विचारावा, त्यांना महिना आठवतो. गोवा रेराच्या संकेतस्थळावर त्याचे चालू प्रकल्प, जाहीर केलेली पूर्णत्वाची तारीख आणि मुदतवाढी दिसतात. कंपनी असेल तर कंपनी निबंधकाच्या नोंदीत तिच्या मालमत्तेवर कोणत्या बँकांचा बोजा आहे ते दिसतं. एकाच वेळी पाच ठिकाणी खड्डे खणून ठेवलेला डेव्हलपर कितीही गोड बोलला तरी तुमचं भाडं पाचव्या ठिकाणच्या बुकिंगमधून देणार असतो.

विकास करारात काय लिहून घ्यायचं

डेव्हलपरचा मसुदा साठ-सत्तर पानांचा येतो. त्यातली चार ठिकाणं सोसायटीच्या वकिलाने (डेव्हलपरच्या नव्हे) नव्याने लिहायला हवीत. बाकीचं थोडंफार कमी-जास्त चालतं.

पहिलं, घर कधी सोडायचं. मसुद्यात बहुधा ‘करारानंतर ६० दिवसांत’ असं असतं. ते खोडा. घर सोडायची मुदत कराराच्या तारखेपासून नको, सगळ्या अटी पूर्ण झाल्याच्या लेखी सूचनेपासून सुरू व्हायला हवी. आम्ही लिहिलेल्या अटी अशा : टाऊन प्लॅनिंग किंवा पीडीएची मंजुरी आणि नगरपालिकेचा बांधकाम परवाना हातात; रेरा नोंदणी झालेली; बँक गॅरंटी सोसायटीच्या ताब्यात; पहिल्या अकरा महिन्यांचं भाडं प्रत्येकाच्या खात्यात; आणि प्रत्येक मालकाशी त्याच्या नव्या गाळ्याचा स्वतंत्र करार नोंदलेला. यातली एक जरी अट बाकी असेल तर कोणीही चावी द्यायची नाही. हेच सगळ्यांत महत्त्वाचं कलम, कारण इमारत उभी आहे तोवरच तुमच्याकडे जोर असतो.

दुसरं, जमीन. डेव्हलपरला जमिनीतला हिस्सा आधीच विकू नका. करार फक्त बांधायचा हक्क देणारा असावा. त्याच्या वाट्याच्या नव्या फ्लॅटचा हिस्सा त्याच्या ग्राहकांच्या नावावर शेवटी करून द्यायचा, तोही जुन्या मालकांच्या गाळ्यांची ओसी आल्यावर. त्याला बँकेकडून कर्ज काढायचं असतं, म्हणून तो म्हणेल, "जमीन गहाण ठेवायला परवानगी द्या." द्यावीच लागली तर फक्त त्याच्या विक्रीच्या गाळ्यांपुरती आणि तसं गहाणखतात लिहिलेलं. कर्ज आपल्या गाळ्यांवर येऊ नये, ही अट बँकेच्या मंजुरीपत्रातही हवी, नुसती आपल्या करारात असून भागत नाही. बँकेने आपला करार वाचलेला नसतो. मुखत्यारपत्रही तसंच : परवाने काढणं, अर्ज करणं, त्याचे फ्लॅट विकायचे करार करणं एवढ्यापुरतं. ‘रद्द न करता येणारं’ आणि ‘सर्व अधिकार’ हे दोन शब्द एका ओळीत दिसले तर थांबा. कागद वाचायला न बसता सही केलेले एक गृहस्थ मला ठाऊक आहेत, त्यांच्या मुखत्यारपत्रात त्यांच्या स्वतःच्या फ्लॅटचाही समावेश होता.

तिसरं, बँक गॅरंटी. महाराष्ट्राच्या निर्देशांत प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटीची कल्पना आहे. ती आपल्याला बंधनकारक नसली तरी मागण्यासारखी आहे. आमच्या उदाहरणात ती सुमारे दोन कोटी होते. डेव्हलपर कुरकुरतो, कारण त्याचे पैसे बँकेत अडकतात. टप्प्याटप्प्याने कमी करायची सवलत द्या : स्लॅब पूर्ण झाल्यावर थोडी, ओसीनंतर उरलेली, शेवटचा भाग दोषदायित्वाच्या काळात थोडे महिने. पण मजकूर मात्र घट्ट ठेवा. गॅरंटी शेड्यूल्ड बँकेची, सोसायटीच्या नावे, ‘मागताक्षणी, कोणतीही हरकत न घेता’ देय. मुदत संपायच्या ३० दिवस आधी नूतनीकरण झालं नाही तर ती वठवायचा हक्क सोसायटीला. ही शेवटची ओळ नसेल तर गॅरंटी एका गुरुवारी चुपचाप संपते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर ‘आम्ही हमी देतो’ असं लिहून दिलेलं पत्र ही बँक गॅरंटी नाही. आम्हाला आधी तेच देऊ केलं होतं.

चौथं, करार मोडायचा कसा. काम सलग अमुक महिने बंद पडलं, भाडं सलग दोन महिने आलं नाही, किंवा डेव्हलपर दिवाळखोरीत गेला, तर सोसायटीने नोटीस द्यायची, मुदत द्यायची, आणि मग करार संपवून अर्धवट काम दुसऱ्याकडे द्यायचा हक्क हवा. त्याने विकलेल्या फ्लॅटच्या ग्राहकांचं काय, हे इथेच लिहा, नाहीतर ते ग्राहक तुमच्यावर कोर्टात येतात. कंपनी असेल तर मालकी बदलणंही करार मोडणं धरा, कारण नाव तेच ठेवून आतली माणसं बदलता येतात. रेरा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे प्रकल्प दुसऱ्या प्रवर्तकाकडे द्यायला दोन-तृतीयांश अलॉटींची, म्हणजे प्रकल्पात गाळा घेतलेल्यांची, लेखी संमती आणि प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. पण जुन्या मालकांना त्यात अलॉटी धरायचं की नाही यावर वाद होतात, म्हणून आपली संमती करारातच स्वतंत्र मागा.

रेराबद्दल आणखी एक. विक्रीचे फ्लॅट नसतील तर पुनर्विकासाला नोंदणी लागत नाही. विक्री असेल तर लागते, फक्त प्लॉट ५०० चौरस मीटरपर्यंतचा किंवा गाळे आठपर्यंत असतील तर कायद्यात सूट आहे. नोंदणीमुळे ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात राहतात आणि ते जमीन-बांधकामावरच खर्च करता येतात. याचा फायदा आपल्याला अप्रत्यक्ष मिळतो, कारण तुमचं काम पुरं व्हायला पैसा उरतो. बांधकामातल्या दोषांची पाच वर्षांची जबाबदारीही याच कायद्यात आहे. ती जुन्या मालकांनाही लागू, असं करारात शब्दशः लिहून घ्या.

क्षेत्रफळ नेहमी कार्पेटमध्ये, चौरस मीटरमध्ये आणि नकाशावर. ‘सुपर बिल्ट-अप’ हा शब्द करारात कुठेही राहू देऊ नका. प्रत्येक मालकाच्या गाळ्याचा मजला, दिशा आणि पार्किंगचा क्रमांक परिशिष्टात असावा. दक्षिणेकडचा फ्लॅट कोणाला, यावरून भांडणं व्हायची ती आत्ताच होऊ देत, नंतर नको. भांडवली नफ्याचा कर हे सीएचं काम आहे. वैयक्तिक मालकाला नोंदलेल्या विकास करारात हा कर साधारणपणे पूर्णत्वाच्या दाखल्याच्या वर्षात येतो. त्याआधीच फ्लॅटमधला हिस्सा विकला तर गणित बदलतं, म्हणून मधेच विकायचा विचार असणाऱ्याने सही करायच्या आधी सीएकडे जावं.

घर सोडायच्या दिवशी

हा दिवस आमच्याकडे एका शनिवारी ठरला. आधीच्या आठवड्यात प्रत्येक गाळ्याचे आतून फोटो काढले आणि मोजमाप केलं. जुन्या क्षेत्रावरून नंतर वाद झाला तर तेवढाच पुरावा उरतो. वीज आणि पाण्याचे मीटर कोणाच्या नावे बंद होणार, ठेव कोणाला परत मिळणार, आणि नव्या इमारतीत नवी जोडणी कोणाच्या खर्चाने, हे एका कागदावर डेव्हलपरच्या सहीसकट घेतलं. घरपट्टी मधल्या काळात डेव्हलपर भरेल असंही लिहून घेतलं. सोसायटी बंद करायची नाही. वार्षिक सभा आणि लेखापरीक्षण चालूच ठेवायचं, इमारत नसली तरी, कारण बँक गॅरंटी तिच्याच नावे आहे. पत्ता म्हणून सेक्रेटरीचं भाड्याचं घर सहाय्यक निबंधकाला कळवलं.

आणि चावी देताना प्रत्येकाने पावती घेतली, त्यावर गाळा क्रमांक, तारीख, वेळ आणि ‘पुनर्विकासासाठी तात्पुरता ताबा’ हे शब्द. पहिल्या मजल्यावरच्या काकींनी चावी द्यायच्या आधी पावती दोनदा वाचली आणि ‘तात्पुरता’ खाली पेनने रेघ ओढली.